निष्क्रिय बचत खाते : अर्जाची छाननी आणि कापलेले शुल्क

खातेदाराने दोन वर्षांहून अधिक काळ स्वतः कोणताही व्यवहार न केल्यास बचत खाते निष्क्रिय ठरते. बँकेने जमा केलेले व्याज किंवा कापलेले शुल्क हा खातेदाराचा व्यवहार मानला जात नाही. ते पुन्हा सुरू करण्यासाठी अर्जासोबत ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, अलीकडचे छायाचित्र आणि पॅन, तो नसल्यास विहित घोषणापत्र लागते. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या सूचनांनुसार ही कागदपत्रे कोणत्याही शाखेत देता येतात. अर्ज पूर्ण असल्यास तीन कामकाजाच्या दिवसांत निर्णय व्हावयास हवा.

छाननीत खरा प्रश्न शुल्काचा असतो. खाते सुरू करण्यासाठी शुल्क आकारता येत नाही. निष्क्रिय काळात किमान शिलकीअभावी दंड लावता येत नाही, आणि व्याज मात्र नियमित जमा करावे लागते.

समजा, एका खात्यातील शेवटची रक्कम खातेदाराने १० जून २०२१ रोजी काढली. खाते जून २०२३ मध्ये निष्क्रिय झाले. पुस्तिकेत प्रत्येकी ११८ रुपये दंडाच्या सहा नोंदी आहेत. पैकी दोन जून २०२३ पूर्वीच्या, चार त्यानंतरच्या. पहिल्या दोन बँकेच्या जाहीर शुल्कपत्रकाशी पडताळाव्यात. उरलेल्या चारांचे ४७२ रुपये परत मिळावयास हवेत. म्हणून शेवटच्या स्वतःच्या व्यवहाराची तारीख आधी निश्चित करावी आणि परताव्याची मागणी अर्जातच लेखी नोंदवावी.