पावसाळ्यातलं प्यायचं पाणी : चार महिन्यांचा हिशेब

जुलै २०२२ मध्ये मेळघाटातल्या चिखलदरा तालुक्यात, पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत कॉलऱ्याची साथ आली. वीजबिल थकल्यामुळे पाणीपुरवठ्याची वीज तोडलेली होती, म्हणून लोक उघड्या विहिरीचं पाणी पीत होते. अमरावती जिल्ह्यात त्या साथीत पाच जण दगावले आणि दीडशेहून अधिक लोक आजारी पडले. ती गावं डोंगरातली, आपल्याकडे तर नळ आहे, असं म्हणून शहरातल्या माणसाला निर्धास्त राहता येत नाही. अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचं आणि अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी येतं आणि ते शुद्ध करूनच सोडलं जातं. पण नळाला पाणी दिवसाआड किंवा काही दिवसांच्या अंतरानं येतं. मधल्या काळात जलवाहिनी रिकामी असते. जिथे तिला भेग आहे आणि शेजारून नाली वाहते आहे, तिथे बाहेरचं पाणी आत शिरतं. घरी पोचलेलं पाणी पुन्हा ड्रममध्ये काही दिवस पडून राहतं. त्यामुळे धरणातून पाणी कसं निघालं यापेक्षा ते तुमच्या पेल्यात कसं आलं, हे पाहावं लागतं.

पाच माणसांच्या घराला प्यायला रोज साधारण १५ लिटर पाणी लागतं. जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांत ते सुरक्षित ठेवायला कोणत्या मार्गानं किती खर्च येतो, ते पाहू. भाव गावागणिक वेगळे असतात, तेव्हा इथे धरलेल्या भावाच्या जागी आपला भाव घालून हिशेब करा.

उकळणं : सुमारे १,३५० रुपये

एक लिटर पाणी उकळायला घरच्या शेगडीवर साधारण ११ ते १२ ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे १५ लिटरला रोज १७५ ग्रॅमच्या आसपास आणि चार महिन्यांत २१ किलो. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा असतो, तेव्हा हा दीड सिलिंडर झाला. सिलिंडरचा भाव ९०० रुपये धरला तर १,३५० रुपये, म्हणजे रोजचे ११ रुपये.

पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट ठेवलं की पुरे. दहा-पंधरा मिनिटं उकळत ठेवण्यात फक्त गॅस जातो. उकळल्यानं जंतू मरतात, क्षार मात्र जात नाहीत. शिवाय उकळलेल्या पाण्यात पुढे काहीच संरक्षण उरत नाही. ते ज्या भांड्यात उकळलं त्यातच झाकून थंड होऊ द्या. न घासलेल्या कळशीत ओतलं तर सगळी मेहनत तिथेच वाया जाते.

क्लोरीन : फुकट ते सुमारे ६०० रुपये

पावसाळ्यात क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोरची बाटली बऱ्याच ठिकाणी आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मोफत मिळते. विकत घ्यावी लागली आणि वीस लिटरच्या गोळीला पाच रुपये धरले, तरी रोज एक गोळी याप्रमाणे १२२ दिवसांचे ६१० रुपये होतात. आपल्या भागात सगळ्यात स्वस्त उपाय हाच आहे. साठवलेल्या पाण्यात टिकून राहणाराही हाच आहे, कारण थोडं क्लोरीन पाण्यात उरतं आणि नंतर पडलेल्या जंतूंनाही मारतं.

अकोल्यातल्या एखाद्या घरी नळ आला आहे, असं समजा. पहिली काही मिनिटं गढूळ पाणी येतं. ते प्यायला न भरता धुण्याच्या बादलीत घ्या. पाणी स्वच्छ झालं की जुन्या सुती साडीचा कपडा चार पदरी करून त्यातून गाळून वीस लिटरच्या भांड्यात भरा. बांगलादेशातल्या गावांत असं चार पदरी कपड्यातून गाळल्यानं कॉलऱ्याचे रुग्ण जवळपास निम्म्यानं कमी झाले होते. मात्र सगळे जंतू कपड्यात अडकत नाहीत. गाळल्यावर गोळी टाकायचीच आहे. पाकिटावर जितक्या लिटरचं प्रमाण लिहिलं आहे तितक्याच पाण्यात ती टाका, ढवळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. अर्ध्या तासानं क्लोरीनचा किंचित वास आला तर काम झालं. वास मुळीच नसेल तर पाणी जास्त खराब होतं किंवा गोळी जुनी होती. अशा वेळी ते पाणी उकळूनच प्या.

गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवरच खर्ची पडतं. असं पाणी आधी काही तास स्थिर ठेवून वरचं निवळलेलं पाणी घ्या. काही परजीवी जंतू क्लोरीनला दाद देत नाहीत. म्हणून घरात तान्हं बाळ असेल किंवा कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर त्यांच्यासाठी उकळलेलं पाणीच ठेवा. ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर विहिरीसाठी आणि मोठ्या टाकीसाठी असते. ती अंदाजानं माठात टाकू नका. गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा.

पाण्याचा कॅन : सुमारे ३,६५० रुपये

वीस लिटरचा कॅन ३० रुपयांना धरला आणि रोज एक घेतला, तर चार महिन्यांचे ३,६६० रुपये होतात. हे पाणी गोड आणि थंडगार असतं, त्यामुळे ते शुद्धच असणार असं वाटतं. ज्या सीलबंद बाटलीवर आयएसआय खूण आणि आयएस १४५४३ हा क्रमांक असतो, तिच्यातल्या पाण्याची तपासणी होणं बंधनकारक आहे. गल्लीतल्या प्लांटवरून येणाऱ्या सुट्या थंड कॅनवर बहुधा ही खूण नसते. आरओमधून निघालेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. मग रोज घरोघरी फिरणारा तो कॅन आतून कधी घासला जातो, यावर सगळं अवलंबून राहतं. कॅन घेत असाल तर तोटीच्या आत बोट फिरवून पाहा. बुळबुळीत लागलं तर कॅन परत करा.

आरओ यंत्र : चार महिन्यांना सुमारे १,७०० रुपये

१२,००० रुपयांचं यंत्र सहा वर्षं चाललं आणि फिल्टर बदलायला व दुरुस्तीला वर्षाला ३,००० रुपये गेले, असं धरू. वर्षाचे ५,००० रुपये होतात आणि चार महिन्यांचे १,७०० च्या आसपास. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणीच प्यावं लागतं अशा घरांना आरओचा खरा उपयोग आहे, कारण क्षार उकळून किंवा क्लोरीन टाकून जात नाहीत. धरणाचं गोडं पाणी येणाऱ्या घराला केवळ जंतूंसाठी आरओ घेण्याची गरज नसते. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी वाया जातं, म्हणजे १५ लिटरमागे ३० ते ४५ लिटर. जिथे पाणी काही दिवसांनी येतं तिथे हा मोठाच खर्च आहे. ते पाणी बादलीत धरून फरशी किंवा संडासासाठी वापरा. यंत्राच्या टाकीतलं पाणीही दोन-तीन दिवस तसंच ठेवू नका.

तोटीचा माठ : एकदाच ३०० ते ६०० रुपये

वरचा कोणताही मार्ग घ्या, हा खर्च टाळू नका. मूल खेळून येतं, पेला थेट माठात बुडवतं आणि त्याची चार बोटं पाण्यात जातात. उकळलेल्या पाण्यातही जंतू शिरायला एवढं पुरतं. तोटी असली की हात आत जातच नाही. तोटीचा माठ नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं वापरा आणि ते खुंटीला टांगा, झाकणावर ठेवू नका. माठ दर दोन-तीन दिवसांनी रिकामा करून आतून घासा. संडासाहून आल्यावर आणि स्वयंपाकाला बसण्याआधी साबणानं हात धुवा. बाळाचे लंगोट धुतल्यावरही हात धुवायचेच.

घरात ठेवायचं औषध : सुमारे १०० रुपये

एक लिटरची ओआरएसची चार पाकिटं घरी ठेवा. पाकिटामागे २० ते २५ रुपये पडतात, आशाताईंकडे ती मोफतही मिळतात. पाकिटावर एका लिटरसाठी २०.५ ग्रॅम असं प्रमाण आणि ग्लुकोज, मीठ, पोटॅशियम क्लोराईड, सायट्रेट ही नावं आहेत ना, ते पाहून घ्या. फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस नव्हेत. त्यांत साखर जास्त असते आणि तिनं जुलाब वाढू शकतात.

अख्खं पाकीट एक लिटर सुरक्षित पाण्यात एकाच वेळी विरघळवा. अर्धं पाकीट पेल्यात टाकलं की प्रमाण चुकतं. बनवलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलेलं फेका. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली आणि मोठ्यांना मागतील तेवढं द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्याचमच्यानं पाजा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण बंद करू नका. मुलांना झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या असतात, त्यांची मात्रा डॉक्टर किंवा आशाताईंकडून वयाप्रमाणे घ्या. जुलाब थांबवणारी गोळी मुलांना देऊ नका. अँटिबायोटिक मेडिकलमधून स्वतःच्या मनानं आणू नका. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी किती पाणी आणि ओआरएस घ्यावं, हे डॉक्टरांनाच विचारावं.

कधी थांबायचं नाही

पुढचं कोणतंही लक्षण दिसलं तर घरचे उपाय करत बसू नका. ओआरएस पाजत पाजतच दवाखान्यात न्या.

- तांदळाच्या धुवणासारखे पातळ जुलाब वारंवार होणं. कॉलऱ्यात काही तासांत जीव धोक्यात येतो.
- शौचात रक्त पडणं, किंवा पोटात काहीच न ठरणं.
- सहा-आठ तास लघवी न होणं, डोळे खोल जाणं, कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच पूर्ववत न होणं.
- मूल सुस्त पडणं, पाणी न पिणं किंवा झटका येणं.
- दोन-तीन दिवसांहून जास्त ताप राहणं.
- डोळे पिवळे होणं किंवा लघवी गडद होणं. गरोदर बाईला कावीळ झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सहा महिन्यांखालचं बाळ, गरोदर बाई आणि म्हातारं माणूस यांना नुसते जुलाब लागले तरी त्याच दिवशी दाखवा.

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आरोग्य सल्ल्यासाठी १०४ हे क्रमांक आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रंही येतात. अकोल्याचं सर्वोपचार वैद्यकीय महाविद्यालयाचं असल्यामुळे ते या निर्णयात येत नाही, पण तिथलं शुल्कही खासगीपेक्षा फार कमी आहे.

एकाच गल्लीत दोन-तीन घरी एकदम जुलाब लागले, तर तो योगायोग समजू नका. त्याच दिवशी आशाताईंना, ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा आणि पाणी कोणत्या दिवशी, कोणत्या नळाला आलं होतं तेही सांगा. त्या नळाचं पाणी तपासून घ्यायला सांगा आणि अहवाल येईपर्यंत गल्लीतल्या सगळ्यांना ते उकळून प्यायला सांगा. फुटलेली जलवाहिनी सापडून दुरुस्त झाली तर साथ तिथे थांबते.