एक पान, दोन पानं आणि रिझ्युमे

तर झालं असं. मागच्या प्लेसमेंट सीझनला माझ्या रूममेटने रात्री दोन वाजेपर्यंत जागून रिझ्युमे केला. स्क्रीनवर बरोबर एक पान, शेवटची सहीची ओळ पानाच्या तळाला टेकलेली. सकाळी पेनड्राइव्ह घेऊन आम्ही प्रताप नगरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "भाऊ, दोन पानं आले. दोन्ही काढू का?"

दुसऱ्या पानावर होतं काय? फक्त डिक्लेरेशनची एक ओळ, तारीख आणि सही. पहिल्या पानावर उजवीकडे लिहिलेली सालं एकाखाली एक नव्हती, पायऱ्यांसारखी पुढे-मागे झाली होती. एका हेडिंगखाली काहीच नव्हतं, त्याचा मजकूर पुढच्या पानावर गेला होता. आणि इंटरव्ह्यू साडेनऊला.

रूममेटचं मत पडलं की दुकानातला कॉम्प्युटर खराब आहे. कॉम्प्युटर बिचारा ठीक होता. गडबड फाइलमध्येच होती आणि ती कुठे कुठे होती हे नंतर शोधताना मला जे कळलं, तेच इथे लिहिते आहे.

फाइलमध्ये फॉन्ट नसतो, फक्त त्याचं नाव असतं

रूममेटने नेटवरून गॅरामॉन्ड जातीचा एक फॉन्ट डाउनलोड केला होता. दिसायला सुंदर. पण वर्डची फाइल साठवताना त्यात सहसा अक्षरांचे आकार जात नाहीत, "इथे अमुक फॉन्ट वापरा" एवढी चिठ्ठी जाते. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नव्हता, म्हणून वर्डने त्याच्या जागी टाइम्स न्यू रोमन लावला. गॅरामॉन्डची अक्षरं अंगाने बारीक, टाइम्सची त्यापेक्षा रुंद. त्यामुळे दोन ओळींत बसलेलं वाक्य तीन ओळींत गेलं, आणि असं चार-पाच ठिकाणी झाल्यावर सही दुसऱ्या पानावर ढकलली गेली.

हे फक्त डाउनलोड केलेल्या फॉन्टचंच होतं असं नाही. वर्डचा स्वतःचा डिफॉल्ट फॉन्टही बदलत आला आहे. वर्ड २००३ पर्यंत टाइम्स न्यू रोमन, २००७ पासून कॅलिब्री, आणि २०२३ पासून नव्या ऑफिसमध्ये ॲप्टॉस. म्हणजे नव्या लॅपटॉपवर काहीही न निवडता केलेला रिझ्युमे जुन्या ऑफिसमध्ये उघडला की ॲप्टॉसच्या जागी दुसराच फॉन्ट येऊ शकतो.

यावर उपाय सोपा आहे. कोणालाही वर्डची फाइल द्यायची नाही, पीडीएफ द्यायची. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार सोबत जातात. खात्री करायची असेल तर ॲडोबी रीडरमध्ये `File > Properties > Fonts` उघडा. प्रत्येक फॉन्टच्या नावापुढे `Embedded Subset` किंवा `Embedded` दिसलं पाहिजे. एखाद्यापुढे ते नसेल, तर तोच फॉन्ट दुसरीकडे दगा देणार.

११ पॉइंट म्हणजे नक्की किती?

एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग. ११ पॉइंट म्हणजे सुमारे ३.९ मिलिमीटर. पण हे माप अक्षराचं नसतं, अक्षर ज्या अदृश्य चौकटीत बसतं त्या चौकटीचं असतं. डोळा वाचतो ते मुख्यतः इंग्रजीतला लहान x जेवढा उंच असतो तेवढं अंग. ११ पॉइंटला टाइम्समध्ये ती उंची साधारण १.७ मि.मी. भरते आणि व्हर्डानामध्ये २.१. म्हणून "सगळीकडे ११ ठेव" हा सिनियर मंडळींचा सल्ला अर्धाच खरा आहे. टाइम्स ११ ला बारीक वाटतो, तर व्हर्डाना ११ ला आरडाओरडा करतो.

या फरकामागे कारण आहे. टाइम्स न्यू रोमन १९३२ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स' या वर्तमानपत्रासाठी झाला. कमी जागेत जास्त मजकूर बसवणं आणि तो कागदावर नीट उमटणं हे त्याचं काम. व्हर्डाना मॅथ्यू कार्टर यांनी मायक्रोसॉफ्टसाठी केला, १९९६ मध्ये, तो खास स्क्रीनसाठी. साध्या मॉनिटरचा एक ठिपका पाव मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि ६०० डीपीआय लेझर प्रिंटरचा ठिपका ०.०४ मि.मी. एवढाच. त्यामुळे टाइम्सच्या केसासारख्या बारीक रेघा कागदावर छान येतात, पण साध्या स्क्रीनवर फिक्या पडतात.

आपला रिझ्युमे दोन्हीकडे जाणार. कंपनीची माणसं आधी स्क्रीनवर बघणार, मग पॅनेलसमोर प्रिंट ठेवणार. म्हणून मधला मार्ग: कॅलिब्री ११, एरियल १० किंवा १०.५, आणि टाइम्सच हवा असेल तर ११.५ किंवा १२. पूर्ण रिझ्युमेत फॉन्ट एकच.

मार्जिन आणि पंचिंग मशीन

जागा पुरत नाही म्हटलं की आपण पहिल्यांदा मार्जिन कापतो. वर्डमध्ये `Narrow` निवडलं की चारही बाजूंना अर्धा इंच, म्हणजे १२.७ मि.मी. उरतात. स्क्रीनवर काहीच वाईट दिसत नाही.

आता कागदाचं पुढे काय होतं ते बघा. ऑफिसात तो फाइलला लागतो. नेहमीच्या दोन भोकांच्या पंचिंग मशीनचं भोक ६ मि.मी. व्यासाचं असतं आणि त्याचा मध्य कडेपासून १२ मि.मी. आत पडतो. म्हणजे भोक ९ ते १५ मि.मी. एवढी पट्टी खातं. तुमचा मजकूर १२.७ वर सुरू होतो. दोन ओळींची पहिली अक्षरं गेली! आणि भोकं पानाच्या मध्यावर पडतात, नेमकी जिथे आपली प्रोजेक्ट्स असतात. म्हणून डावीकडे २५ मि.मी., बाकी तीन बाजूंना २० मि.मी.

इथेच कागदाचा साइजही तपासा. नेटवरचे बरेच टेम्प्लेट अमेरिकन 'लेटर' साइजचे असतात, २१६ × २७९ मि.मी. आपला ए-फोर २१० × २९७. लेटरची फाइल ए-फोरवर काढली की उजवी कड कापली जाते किंवा प्रिंटर सगळंच थोडं लहान करतो. सुरुवातीलाच `Layout > Size > A4` करायचं, मग टाइप करायला बसायचं. आणि प्रिंट काढताना दुकानदाराला सांगायचं, "भाऊ, `Fit` नको, `Actual size` ठेवा."

स्पेसबार आणि एंटरचे पाप

सालं वाकडी का झाली? कारण रूममेटने ती स्पेसबार दाबून उजवीकडे ढकलली होती. स्पेसची रुंदी फॉन्टप्रमाणे बदलते. फॉन्ट बदलला, पायऱ्या तयार. त्याऐवजी राइट टॅब लावायचा. हिशेब असा: पान २१०, त्यातून २५ आणि २० वजा, उरले १६५ मि.मी. म्हणून राइट टॅब १६.५ सेंमी वर. आता मजकूर लिहून एकदाच टॅब दाबला की साल उजव्या मार्जिनला चिकटतं, फॉन्ट कुठलाही असो.

हेडिंगचंही तसंच. वर एक एंटर, खाली एक एंटर, म्हणजे हेडिंग दोन्हीकडून सारखं लांब, ना वरच्या मजकुराचं ना खालच्या. डोळ्याला ते अधांतरी वाटतं. हेडिंगच्या वर १० पॉइंट आणि खाली ३ पॉइंट ठेवलं की ते आपल्या मजकुराला धरून राहतं. हे हाताने प्रत्येक ठिकाणी करायचं नाही. `Heading 1` वर राइट क्लिक, `Modify`, आणि एकदाच ठरवायचं: कॅलिब्री १३, बोल्ड, काळा रंग, वर १०, खाली ३. या स्टाइलमध्ये `Keep with next` आधीच चालू असतं. त्यामुळे हेडिंग पानाच्या तळाला एकटं पडत नाही. आमच्या केसमध्ये हेडिंग एकटं पडलं ते याचमुळे. ते स्टाइलने केलेलं नव्हतं, साध्या ओळीला नुसतं बोल्ड केलं होतं.

रंग काळाच का? कारण दुकानातल्या साध्या लेझर प्रिंटरमध्ये फक्त काळी पावडर असते. फिकट निळा किंवा करडा रंग तो सुटे सुटे काळे ठिपके टाकून दाखवतो. पहिल्या प्रिंटला हे चालून जातं, पण त्या प्रिंटची झेरॉक्स काढली की ठिपके गळतात आणि हेडिंग खरवडल्यासारखं दिसतं. अंडरलाइनही नको, ती g, p, y ची शेपटी कापते. फारच वाटलं तर हेडिंगच्या खाली पूर्ण रुंदीची अर्ध्या पॉइंटची बॉर्डर द्या.

मग किती बसतं?

हा हिशेब आम्ही त्या रात्री मेसमध्ये बसून केला. ए-फोरची उंची २९७, वर-खाली २० सोडून २५७ मि.मी. उरतात. कॅलिब्री ११, सिंगल स्पेसिंग, एक ओळ सुमारे ४.७ मि.मी. खाते. १३ पॉइंटचं एक हेडिंग त्याच्या मोकळ्या जागेसकट १० मि.मी. अशी सहा हेडिंगं म्हणजे ६०. नाव, फोन, ईमेल यांना २०. उरले १७७ मि.मी., म्हणजे ३७ ओळी.

रूममेटच्या ४४ ओळी होत्या. सात जास्त. फॉन्ट ९ करून त्या बसल्या असत्या, पण मग वाचल्या कोणी असत्या? आम्ही ओळीच कापल्या. वडिलांचं नाव, मॅरिटल स्टेटस, छंदांच्या दोन ओळी, आणि ज्या कंपनीच्या फॉर्मवर डिक्लेरेशन वेगळं भरून घेतात तिच्यासाठी डिक्लेरेशनच्या दोन ओळी. सहा झाल्या. सातवी 'एमएस ऑफिस येतं' ही होती. ती कापताना रूममेट स्वतःच हसायला लागला.

शेवटी तीन परीक्षा, पाच मिनिटांच्या. पीडीएफ मोबाइलवर उघडा, झूम न करता हेडिंगं वाचता आली पाहिजेत. कॉम्प्युटरवर १०० टक्क्यांवर बघा, मजकूर पुढे न वाकता वाचता आला पाहिजे. मग एक प्रिंट काढा आणि त्या प्रिंटचीच झेरॉक्स काढा. ती झेरॉक्स हात लांब करून धरा. नाव, हेडिंगं आणि सालं तरीही दिसली तर रिझ्युमे तयार.

आणि हे सगळं आदल्या दिवशी करा. सकाळी नऊला दुकानात आपल्या आधी सहा जण उभे असतात, सगळ्यांच्या हातात पेनड्राइव्ह.