आयाम, वारंवारता आणि कला : आवाज वाहून नेण्याच्या तीन रीती

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झ आणि एफएमवर १०१ मेगाहर्ट्झ हे त्याचे आकडे आपल्या भागातील श्रोत्यांच्या परिचयाचे आहेत. ‘एएम दूरवर पोहोचते, एफएम स्वच्छ ऐकू येते’ असे आपण सहज म्हणतो. हे विधान अर्धेच खरे आहे. ते कसे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

आधी तीन शब्द समजून घेऊ. झोपाळा किती दूर जातो, तो त्याचा आयाम. एका मिनिटात किती झोके होतात, ती वारंवारता. ठरावीक क्षणी झोपाळा झोक्याच्या कोणत्या टप्प्यावर असतो, ती कला. रेडिओलहरीचेही असेच आहे. आवाजाच्या चढउतारानुसार लहरीचा आयाम बदलला की एएम, वारंवारता बदलली की एफएम आणि कला बदलली की पीएम होते. शेवटची दोन सख्खी भावंडे आहेत, कारण कला बदलत असताना वारंवारताही तेवढ्यापुरती ढळतेच.

वळवाच्या पावसात वीज चमकली की मध्यम लहरींवर कडकड ऐकू येते. विजेची लहर मूळ लहरीत मिसळून तिचा आयाम बदलते आणि एएमचा संच त्यालाच आवाज समजतो. एफएमचा संच मात्र आयामातील चढउतार आधीच छाटून टाकतो व केवळ वारंवारता पाहतो. म्हणून तेथे आवाज बराच स्वच्छ राहतो.

या स्वच्छतेची किंमत जागेच्या रूपाने मोजावी लागते. मध्यम लहरींवर दोन केंद्रांत ९ किलोहर्ट्झचे अंतर पुरते. एफएमची वारंवारता मात्र दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत ढळते. तीत १५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज धरला, तर एका केंद्राला सुमारे १८० किलोहर्ट्झ रुंदीचा पट्टा लागतो. ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ या संपूर्ण मध्यम लहरपट्ट्यात अशी जेमतेम पाच-सहा केंद्रे मावली असती. म्हणूनच एफएमला ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा वरचा, ऐसपैस पट्टा मिळाला.

आणि दूर पोहोचण्याचे रहस्यही येथेच आहे. ७९२ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर, तर १०१ मेगाहर्ट्झच्या लहरीची जेमतेम ३ मीटर. लांब लहर जमिनीला धरून, डोंगराला वळसा घालून जाते. आखूड लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. लवळ्यासारख्या डोंगरांनी वेढलेल्या गावात डोंगरामागे एफएम क्षीण होते, ते या आखूड लांबीमुळे. त्यात मॉड्युलेशनचा दोष नाही.

याचा पुरावा लोहगावच्या विमानतळाकडे पाहिले की मिळतो. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांचे संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात, म्हणजे एफएमच्याही वर चालते. तरीही ते आजदेखील एएमच आहे. ते सरळ रेषेतच जाते. मग खरखरीचा धोका पत्करून एएम का ठेवले? एफएमचा संच दोन लहरींपैकी बलवान लहर धरतो आणि दुबळीला पुसून टाकतो. एएममध्ये दोघे एकाच वेळी बोलले तर दोन्ही लहरींच्या वारंवारतांतील किंचित फरकाची शिट्टी ऐकू येते, आणि कोणीतरी दुसराही बोलत होता हे कळते. याची मर्यादाही मोठी आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ येथे नियंत्रण कक्ष आणि एक विमान एकाच वेळी बोलले. धावपट्टीवरील दुसऱ्या विमानाच्या वैमानिकांना महत्त्वाचे शब्द कर्कश शिट्टीत नीट ऐकू आले नाहीत. त्या अपघाताला इतरही कारणे होती. त्यात ५८३ जणांचा बळी गेला. शिट्टी आदळआपट झाल्याचे सांगते, हरवलेले शब्द सांगत नाही. म्हणून ती ऐकू आली की संदेश पुन्हा मागवणे अत्यावश्यक ठरते.

कलेचा उपयोग आता मुख्यतः अंकांसाठी होतो. भारताच्या नाविक उपग्रहांचा ११७६.४५ मेगाहर्ट्झवरील नागरी संकेत घ्या. येथे आयाम स्थिर राहतो. शून्याचा एक झाला की लहर एकदम उलटी होते, म्हणजे कला १८० अंशांनी पालटते. असे पालट सेकंदाला १० लाख २३ हजार वेळा होऊ शकतात. सुमारे ३६ हजार किलोमीटरवरून आलेला हा संकेत संचातील खरखरीपेक्षाही दुबळा असतो. पण उलटसुलटीचा क्रम संचाला आधीच ठाऊक असल्याने तो जुळवून पाहता येतो. क्रम जुळला की संकेताला लागलेला वेळ कळतो, वेळेवरून अंतर आणि किमान चार उपग्रहांच्या अंतरांवरून आपले स्थान.

मोबाइलच्या ४जी सेवेत आयाम आणि कला दोन्ही एकदम बदलतात. संकेत सशक्त असेल तर या दोहोंच्या अनेक जोड्या वापरून एकेका ठोक्यात अधिक अंक पाठवले जातात. डोंगराआड संकेत मंदावला, की जवळजवळच्या जोड्या ओळखू येईनाशा होतात. मग यंत्रणा कमी जोड्यांवर उतरते आणि संपर्क टिकतो. वेग मात्र घटतो.