एकाच मालावर दोन विमे: आगीनंतर कोण किती देतं?

विठ्ठलवाडीच्या गाळ्यात तुमचा तयार कपड्यांचा किंवा कापडाचा साठा आहे, बँकेची कॅश क्रेडिट आहे आणि आगीचा विमा तुम्ही स्वतः दरवर्षी काढता, असं असेल तर आधी बँकेचं स्टेटमेंट काढा आणि ‘इन्शुरन्स’ नावाची वजावट शोधा. तारण मालाचा विमा हवाच, या करारातल्या अटीवर बोट ठेवून बँक अनेकदा स्वतःच पॉलिसी काढून टाकते आणि हप्ता तुमच्या खात्यातून वळता करते. पॉलिसी तुमच्याच नावावर असते, ‘बँक क्लॉज’सह. कागद मात्र शाखेच्या फायलीत पडून राहतो. अशा वेळी एकाच मालावर दोन विमे असतात आणि तुम्हाला एकच माहीत असतो.

याचा फटका आगीनंतर बसतो. समजा, आग लागली त्या दिवशी गोदामात ८० लाखांचा माल होता. तुमची पॉलिसी ६० लाखांची, बँकेनं काढलेली ४० लाखांची. जळाला ३० लाखांचा माल. तुम्ही फक्त आपल्या कंपनीकडे गेलात, तर ती म्हणेल, माल ८० लाखांचा, विमा ६० लाखांचा, म्हणजे पाऊण. नुकसानीचाही पाऊण हिस्सा घ्या. ३० लाखांऐवजी साडेबावीस लाख. याला ‘अ‍ॅव्हरेज’ची अट म्हणतात. ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी असलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि ५० कोटींपर्यंतच्या ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ या पॉलिसींत १५ टक्क्यांपर्यंतचा कमी विमा माफ असतो. इथे तो २५ टक्के कमी आहे, त्यामुळे माफी लागत नाही.

दोन्ही पॉलिसी पुढे केल्या की चित्र बदलतं. पहिलीचा स्वतंत्र हिशेब साडेबावीस लाखांचा, दुसरीचा १५ लाखांचा. बेरीज साडेसदतीस लाख होते, पण नुकसान ३० लाखांचंच आहे आणि आगीच्या विम्यात नुकसानीपेक्षा एक रुपयाही जास्त मिळत नाही. मग ते ३० लाख त्याच प्रमाणात वाटले जातात: पहिली कंपनी १८ लाख, दुसरी १२ लाख. याचं नाव काँट्रिब्यूशन. साडेसात लाखांचा फरक पडला, तो निव्वळ दुसरा कागद समोर ठेवल्यामुळे. प्रत्येक कंपनी आपापला ‘एक्सेस’, म्हणजे तुम्ही स्वतः सोसायची ठरलेली रक्कम, वेगळी कापून घेऊ शकते. त्यामुळे दोन पॉलिसींत ही कात्री दोनदा लागण्याची तयारी ठेवा.

वाटा मागण्यासाठी धावपळ कुणी करायची, हे पॉलिसीच्या शब्दांवर ठरतं. जुन्या ‘स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स’ पॉलिसीत सरळ लिहिलेलं असतं की त्याच मालावर दुसरा विमा असेल, मग तो कुणीही काढलेला असो, तर कंपनी फक्त आपल्या प्रमाणातला वाटा देईल. म्हणजे दोन्ही दारं तुम्हालाच ठोठावायची आहेत. नव्या छापाच्या पॉलिसीत ‘इतर विमा’ ही अट वाचा. एका कंपनीकडून तिच्या मर्यादेपर्यंत पूर्ण रक्कम घेण्याची मुभा असेल, तर ती कंपनी दुसरीकडून वाटा स्वतः वसूल करते. ती मुभा असली तरी दोघींनाही पहिल्याच दिवशी लेखी कळवा. दावा अर्जात ‘अन्य विमा आहे का’ हा रकाना असतो. तो कोरा सोडलात किंवा ‘नाही’ लिहिलंत, तर लपवाछपवीचा ठपका ठेवायला कंपनीच्या हातात आयतं कारण येतं.

काँट्रिब्यूशन लागू होण्यासाठी दोन्ही पॉलिसी त्याच मालावर, त्याच जागेसाठी, त्याच जोखमीसाठी आणि त्याच मालकाच्या हितासाठी असाव्या लागतात. आपल्याकडे घोळ होतो तो जागेचा. उल्हासनगरचे पत्ते कॅम्प, सेक्शन आणि बॅरेक क्रमांकावर चालतात. एका पॉलिसीवर बॅरेकचा क्रमांक आणि दुसरीवर नुसतं दुकानाचं नाव असेल, तर मागच्या गाळ्यातला माल कुठल्या विम्यात येतो यावरच महिना जातो. दोन्हींवर तोच पत्ता, शब्दाला शब्द, करून घ्या. एन्डॉर्समेंट मागा. नुसत्या पत्ता दुरुस्तीला सहसा हप्ता वाढवावा लागत नाही.

खर्चाचं बोलायचं तर आगीच्या विम्याचा भाव हजारी दरानं सांगितला जातो. दर मालाच्या प्रकारावर आणि बांधकामावर फिरतो. फोम, रंग, रसायनं असली की चढतो. समजा दर हजारी दीड रुपया आहे. ६० लाखांना ९,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०,६२०. वरच्या उदाहरणात दोन्ही विम्यांची बेरीज एक कोटी, माल ८० लाखांचा. वरच्या २० लाखांसाठी तुम्ही ३,५४० रुपये वाया घालवलेत. तोडगा सोपा आहे: तुमची पॉलिसी पुरेशा रकमेची करा, तिच्यावर बँकेचं नाव घाला, प्रत शाखेत पोच घेऊन द्या आणि दुसरी काढू नका असं लेखी कळवा. दर कमी करण्यासाठी एजंट पुराचं संरक्षण वगळायला सांगेल. वालधुनीच्या काठी हा सल्ला ऐकू नका.

खरा छुपा खर्च आहे तो जीएसटीचा. जळून गेलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे परत करावं लागतं. ५ टक्क्यांच्या कापडाचे ३० लाख जळाले तर दीड लाख. विम्याची रक्कम ठरवताना मालाची किंमत करासह धरली नसेल, तर हे दीड लाख तुमच्या खिशातून जातात. आणखी एक वजावट आहे: दावा दिल्यावर विम्याची रक्कम पुन्हा पूर्ण केली जाते आणि उरलेल्या मुदतीचा हप्ता दाव्यातूनच कापला जातो. सर्व्हेअरची फी मात्र कंपनी देते. तो गाडीभाडं मागत असेल तर द्यायचं नाही.

आता दुसरा प्रसंग, आणि तो अधिक फसवा आहे. माल तुमचा, पण आग लागली ती गोदामवाल्याकडे किंवा शिलाईच्या कारखान्यात. तुमचा विमा आहे आणि त्यानंही ‘स्वतःचा आणि ताब्यात ठेवलेला परक्याचा माल’ असा विमा काढलाय. माल एक, विमे दोन, तरी इथे वाटणी होईलच असं नाही.

याचा निवाडा १८७७ साली लंडनमध्ये झाला. ‘किंग अँड क्वीन ग्रॅनरीज’ या कोठारात रोडोकानाची या व्यापाऱ्यांचं धान्य जळालं. कोठारवाले बार्नेट यांचा विमा होता, व्यापाऱ्यांचाही होता. व्यापाराच्या रिवाजानं धान्याची जबाबदारी कोठारवाल्याची होती. त्याच्या विमा कंपन्या म्हणाल्या, आपण वाटून घेऊ. न्यायालयानं नकार दिला. मालकाचं हित वेगळं, जबाबदार राखणदाराचं वेगळं, म्हणून वाटणी नाही. शेवटी सगळा भार राखणदाराच्या विम्यावर. मालकाच्या कंपनीनं पैसे दिले असते, तरी मालकाच्या जागी उभं राहून तिला ते राखणदाराकडून वसूल करता आले असते. हेच सब्रोगेशन.

आपल्याकडे एक फरक आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम १५१ आणि १५२ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर गोदामवाला साध्या शहाण्या माणसाइतकी काळजी घ्यायला बांधील आहे. तेवढी घेतल्याचं त्यानं दाखवलं, तर तो सुटतो. म्हणून त्याची पावती उलटून पाहा. ‘आग, पाणी, चोरीस आम्ही जबाबदार नाही’ असा शिक्का असेल तर तुमच्या विमा कंपनीला हे आधीच कळवा, कारण तुमच्या सहीनं तिचा वसुलीचा हक्क कमी होतो. आणि आगीनंतर शेजारचा वेल्डिंगवाला किंवा गोदामवाला ‘दोन लाख घ्या, मिटवून टाकू’ म्हणाला, तर कंपनीची लेखी परवानगी असल्याशिवाय सही करू नका. त्या दोन लाखांच्या कागदावर तीस लाखांचा दावा अडकतो.

पैसे देताना कंपनी तुमच्याकडून सब्रोगेशनचं पत्र घेते. ते वाचून सही करा. इथे सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा ‘इकॉनॉमिक ट्रान्सपोर्ट ऑर्गनायझेशन विरुद्ध चरण स्पिनिंग मिल्स’ हा निकाल उपयोगी आहे. ट्रकच्या अपघातात सुताचा माल खराब झाला होता आणि वाहतूकदारावर दावा कुणी करायचा हा प्रश्न होता. न्यायालयानं साधं सब्रोगेशन आणि ‘सब्रोगेशन-कम-असाइनमेंट’ यांत भेद केला. पहिल्यात कंपनी दिलेल्या रकमेपुरतीच हक्कदार, वरचं तुमचं. दुसऱ्यात तुम्ही सगळा हक्क सोडून देता. आपल्या उदाहरणात तुम्हाला साडेबावीस लाखच मिळाले आणि पुढे दोषी शेजाऱ्याकडून पूर्ण ३० लाख वसूल झाले, तर पहिल्या पत्रात साडेसात लाख तुमचे, दुसऱ्यात शून्य. ‘असाइन’ हा शब्द दिसला की थांबा आणि तुमच्या न भरलेल्या नुकसानीचा हक्क राखून ठेवल्याचं वाक्य घालून घ्या. कमी वसुली झाली तर आधी कुणाचं भरायचं, तेही तिथेच लिहा. वसुलीसाठी तुम्ही सहकार्य करायचं, पण कंपनीच्या खर्चानं, असं पॉलिसीतच असतं. मुद्रांक आणि नोटरीचे पैसे मागून घ्या.

आग विझल्यावर करायचं एवढंच: दोन्ही कंपन्यांना आणि बँकेला त्याच दिवशी ईमेल, आणि जळका माल सर्व्हेअर पाहीपर्यंत हलवायचा नाही. अग्निशमन दलाचा अहवाल ज्या महापालिकेच्या हद्दीत गाळा आहे तिच्याकडून घ्या. विठ्ठलवाडीत उल्हासनगर आणि कल्याण-डोंबिवली यांच्या हद्दी लागून आहेत, तेव्हा मालमत्ता कराची पावती पाहून मगच अर्ज करा. पोलीस ठाण्याची नोंद, खरेदी-विक्रीची बिलं, जीएसटी विवरणपत्रं, शेवटचा ताळेबंद, गाळ्याचा करार आणि दोन्ही पॉलिसी जोडा. स्टँडर्ड पॉलिसीत तपशीलवार दाव्याला १५ दिवस असतात. वेळ लागणार असेल तर मुदतवाढ लेखी मागा. सर्वात जास्त दावे अडतात ते बँकेला दिलेल्या मासिक स्टॉक स्टेटमेंटवर. लिमिट टिकवायला तिथे साठा फुगवला असेल, तर सर्व्हेअर तोच आकडा ‘एकूण माल’ म्हणून धरू शकतो आणि अ‍ॅव्हरेजची कात्री आणखी खोल जाते.

दोन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत बसल्या, तर दोघींविरुद्ध एकच तक्रार ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात करा. विमा धंद्यासाठी होता म्हणून तुम्ही ग्राहक नाही, हा आक्षेप सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये हर्सोलिया मोटर्स प्रकरणात फेटाळला आहे. आयोगासाठी मुदत दोन वर्षं. पण पॉलिसीत नकारानंतर बारा महिन्यांची अट असू शकते, म्हणून नकाराचं पत्र हातात पडल्यावर बारा महिन्यांच्या आतच जा.