गाडीखालचा डाग : पाणी की ब्रेक ऑइल?

प्रश्न : आमची छोटी पेट्रोल गाडी नवीन पनवेलला सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये असते. दोन दिवसांपासून सकाळी तिच्याखाली वीतभर ओला डाग दिसतो आणि संध्याकाळपर्यंत तसाच राहतो. फोटो पाठवत आहे. शेजारी म्हणतात, पावसाळी हवेत एसीचं पाणी गळतंच. रविवारी लोणावळ्याला जायचं आहे. निघावं का?

उत्तर : निघू नका. गॅरेजपर्यंतही गाडी स्वतः चालवत नेऊ नका.

तुमच्या शेजाऱ्यांचं म्हणणं एरवी बरोबरच आहे. पनवेलच्या दमट हवेत एसी चालवून गाडी उभी केली की खाली पाणी साचतं, आणि त्यात काळजीचं काहीच नसतं. पण हे पाणी बाहेर सोडणारी नळी डॅशबोर्डच्या मागे असते. त्यामुळे डाग पुढच्या चाकांच्या थोडा मागे, बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला पडतो. मागे वेगळा एसी असलेल्या मोठ्या गाड्यांत तो मागेही पडू शकतो, पण तुमची गाडी तशी नाही. तुमच्या फोटोत डाग मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला आहे आणि टायरची आतली बाजू खालपर्यंत ओली दिसते.

अशा फोटोत मी आधी जागा बघतो, रंग नंतर. पार्किंगच्या पिवळ्या दिव्याखाली पाणीही पिवळं दिसतं. फरशी ओली असेल तर तेलाचा एक थेंबही हातभर इंद्रधनुषी तवंग पसरवतो. जागा मात्र फसवत नाही. इंजिन ऑइल आणि कूलंट बहुधा पुढेच गळतात, कारण तुमच्यासारख्या गाड्यांत इंजिन आणि रेडिएटर दोन्ही पुढे असतात. मागच्या चाकाशी गळण्यासारखं फारसं काही नसतंच. पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते, पण पेट्रोलचा वास लपत नाही आणि ते लवकर उडून जातं. तुमचा डाग संध्याकाळपर्यंत तसाच होता, असं तुम्ही लिहिलं आहे. म्हणजे उरतात दोनच गोष्टी : ब्रेक ऑइल आणि शॉकअपमधलं तेल.

या दोन्हींतला फरक घरी कळतो. हातमोजा घालून आइस्क्रीमच्या काडीने टायरच्या आतल्या बाजूचा ओलावा थोडा खरवडून घ्या आणि काचेच्या ग्लासातल्या पाण्यात ढवळा. शॉकअपचं तेल वर तरंगतं. ब्रेक ऑइलला आपण ऑइल म्हणत असलो, तरी नेहमीच्या गाड्यांतलं ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं, तवंग येत नाही. साधं पाणीही असंच मिसळतं, म्हणून तो ओलावा बोटांत चोळून बघा. ब्रेक ऑइल बुळबुळीत लागतं आणि सुकत नाही. ते गाडीच्या रंगाला लागू देऊ नका, रंग सोलतो. हात साबणाने धुवा.

मग बॉनेट उघडा. बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या समोर, काचेच्या बाजूला, ब्रेक ऑइलची छोटी अर्धपारदर्शक टाकी असते. तिच्यावर MAX आणि MIN अशा खुणा असतात. ब्रेकपॅड झिजतात तशी ही पातळी महिनोन्महिने हळूहळू उतरते, ते स्वाभाविक आहे. दोन दिवसांत उतरली तर गळतीच.

डाग वीतभरच आहे, म्हणून घाई नाही असं वाटेल. एसीचं अर्धा लिटर पाणी सांडलं तरी काही बिघडत नाही, पण ब्रेकच्या टाकीत मुळात ऑइलच पेलाभर असतं. शिवाय हा डाग पेडलवर पाय नसताना पडला आहे. मागच्या ड्रममध्ये व्हील सिलिंडर नावाचा छोटा भाग असतो. त्याचं रबर झिजलं की उभ्या गाडीत ऑइल झिरपतं, आणि ब्रेक दाबला की जोराने बाहेर येतं. तुमच्यासारख्या गाड्यांत बहुधा ब्रेकचे दोन स्वतंत्र भाग असतात. एक निकामी झाला तरी दुसरा गाडी थांबवतो, पण पेडल खोल जातं आणि थांबायला अंतर बरंच जास्त लागतं. कळंबोलीहून द्रुतगती मार्गाने जाताना चढ आहे, तेव्हा कदाचित कळणारही नाही. लोणावळ्याहून खोपोलीकडे बोरघाट उतरताना मात्र ब्रेकवर सतत पाय असतो. नवीन ऑइल भरून निघायचा विचारही करू नका. भरलेलंही त्याच वाटेने जाईल.

ग्लासात तेल तरंगलं, टाकीही भरलेली निघाली, तर शॉकअप गेला आहे. गाडी हेलकावे खाईल, काम या आठवड्यात उरका, पण गॅरेजपर्यंत सावकाश चालवत नेता येईल.

तुमच्या फोटोवरून मला व्हील सिलिंडरच दिसतो. टोइंगने गाडी न्या किंवा मेकॅनिकला पार्किंगमध्ये बोलवा, आणि दोन्ही मागची चाकं उघडायला सांगा, कारण एका बाजूचं रबर गेलं की दुसरीकडचंही तेवढंच जुनं असतं. ऑइलने भिजलेले ब्रेक शू धुऊन परत बसवू देऊ नका, ते बदलावेच लागतात. शेवटी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला लावा. गाडी ताब्यात घेताना इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट दाबून धरा. ते हळूहळू खाली जात राहिलं, तर काम पुरं झालेलं नाही.