भाड्याचा सेट आणि तुझं लग्न

तायडे, तुझ्या लग्नाची तारीख धरली हे कळलं आणि पाठोपाठ दागिन्यांचं विचारायला तुझा फोन आला. फोनवर सगळं नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. आम्ही अंबाजोगाईत नवऱ्या सजवतो, त्यामुळे हे सेट रोज हाताखालून जातात. पुढून सगळेच सेट झगमगतात. मी मात्र आधी उलटे करून बघते.

पहिलं सांगते, सगळंच भाड्यानं आणू नकोस आणि सगळंच विकत घेऊ नकोस. मंगळसूत्र आणि जोडवी तुझीच हवीत, कारण ती लग्नानंतरही अंगावर राहतात. सोन्याचं जे काही करायचं ते मंगळसूत्रातच बसवा. आपल्याकडे लग्नासाठी मुकादमाकडून उचल घेऊन वर्षभर ती फेडणारी घरं तू पाहिलीच आहेस. राणीहार, चपलाहार, कंबरपट्टा, बाजूबंद ही फोटोत दिसणारी मोठी माणसं, त्यांना दोन दिवसांचं भाडं पुष्कळ झालं. ठुशी आणि मोत्यांच्या बांगड्या मात्र खोट्या का होईना, विकतच घे. पुढे हळदीकुंकवाला, नणंदेच्या लग्नाला निघतात.

आता हिशेब करू. आकडे मी सोयीसाठी धरलेत, तुमच्या केजच्या दुकानात वेगळे निघतील. समज, मोठ्या सेटचं दोन दिवसांचं भाडं दोन हजार, तिसऱ्या दिवसाचे पाचशे, अनामत पाच हजार, आणि तसाच नवा सेट सहा हजारांना मिळतो. हळद, लग्न आणि पूजा धरली तर भाडं अडीच हजार. तुझ्या धाकटीचं लग्न पुढच्या वर्षी असेल तर विकत घेतलेला सेट दोघींत वाटून तीन-तीन हजारांना पडतो, म्हणजे फार फरक नाही. पण खोट्या दागिन्याला परत विकताना काहीच येत नाही, आणि घाम व अत्तर लागलं की पॉलिश वर्षभरातही उतरू शकतं. म्हणून एकाच लग्नासाठी असेल तर मी भाड्यालाच कौल देईन. आणि हळदीला फुलांचे दागिने घाल. हळदीचा पिवळा डाग मोत्यावर आणि दोरीवर बसला की निघत नाही आणि त्याचे पैसे अनामतीतून कापले जातात.

सेट बघायला दिवसा जा, बल्बच्या उजेडात सगळं सोनं दिसतं. आणि उलटा करून बघ. मागे तांबूस किंवा काळपट डाग दिसले तर पॉलिश उतरलंय, पुढच्या बाजूचीही तीच वाट. प्रत्येक कडी बोटाने हलव, टाका हलला तर तो लग्नात सुटेल. खड्यांच्या ओळीवरून बोट फिरव. नखाला अडकणारा खडा सैल असतो, आणि एक खडा पडला की भरपाईला सगळ्या हाराचे पैसे मागणारी माणसं असतात. मागच्या गोंड्याची दोरी वास घेऊन बघ, हसू नको. दोरी घाम पिते आणि ती धुतलेली नसते. नवी दोरी लावून दे म्हण, नाहीतर बाजारातून आणून स्वतः बदल.

आता स्वच्छतेचं. जे टोचलेल्या भोकातून आरपार जातं ते कधीच भाड्यानं घ्यायचं नाही. कानातल्यांची दांडी आणि नथीची तार, दोन्ही. नाका-कानातल्या बारीक जखमेचं रक्त त्यावर लागलेलं डोळ्याला दिसतही नाही, पण कावीळ बी चा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून तो मेलाच याची खात्री देता येत नाही. म्हणून झुमके स्वतःचे घे. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ घे, आणि लग्न महिन्यावर आलं असताना नाक टोचून घेण्याच्या भरीस पडू नको. ती जखम भरायला काही महिने लागतात. गंगावणही स्वतःचंच असू दे, उवांचं निमंत्रण कशाला!

हार, बाजूबंद, कंबरपट्टा मात्र पुसून चालतात. धातूची मागची बाजू स्पिरिटच्या बोळ्याने पूस आणि वाळू दे. मोत्यांवर आणि चिकटवलेल्या खड्यांवर स्पिरिट नको, ओलसर मऊ फडक्यानेच. लग्न एप्रिल-मेमध्ये आहे, म्हणजे ऊसतोडीची माणसं परतलेली, तिथीला गर्दी आणि घामाचा पूर. गळ्याला हिरवट रंग लागला तर घाबरू नको, ते तांबं असतं, धुतलं की जातं. पण खाज आणि लाल पुरळ उठलं तर बहुतेक निकेल सोसत नाही असं समज. ते लगेच कळत नाही, बहुधा दुसऱ्या दिवशी दिसतं. म्हणून सेट ठरवताना गळ्यातला छोटा भाग आठवडाभर आधी दोन-तीन तास घालून बघायची परवानगी माग. दुकानदार नाही म्हणाला तर तिथूनच तसला स्वस्त हार विकत घेऊन बघ.

अनामतीचं नीट ऐक, वाद तिथेच होतात. पावती लेखी घे. तिच्यावर सेटचा नंबर, नग किती, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, उशिराचं रोजचं किती, खडा पडला तर किती आणि हार तुटला तर किती, हे सगळं हवं. "बघू नंतर" म्हणणाऱ्याच्या दुकानातून उठून ये. एकाच तिथीला दहा नवऱ्या असतात, तेव्हा तारीख पावतीवर नसेल तर तुझा सेट ऐनवेळी दुसरीच्या गळ्यात दिसेल. घेताना दुकानदारासमोरच मोबाइलवर मागचा-पुढचा व्हिडिओ कर आणि आधीचे पडलेले खडे पावतीवर लिहून घे.

एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. लग्न झालं की तू सासरच्या गाडीत बसणार, मग सेट परत कोण देणार? पाठवणीच्या आधी खोलीत बसून सेट उतरव, नग मोजून डब्यात ठेव आणि पावतीसकट मामीकडे किंवा भावाकडे दे. पूजेला सासरी घालायचा असेल तर तो भाड्याचा आहे हे सासूबाईंना आधीच सांगून टाक. माहेरहून आलेलं सोनं म्हणून कुणी मोजायला बसलं, तर खुलासा करताना तुलाच जड जाईल. सांगायला लाज वाटते म्हणतात, पण बायका लगेच हातात घेऊन वजन करतात गं, कळायचं ते कळतंच.

मंगळसूत्राच्या वाट्या घेताना एवढंच बघ. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक लागतो, तो BIS Care ॲपमध्ये टाकला की दागिना खरा का ते कळतं. दोन ग्रॅमच्या आतल्या नगाला ही सक्ती नाही, म्हणून छोट्या वाट्यांना ठसा नसेल तर बिलावर कॅरेट, वजन आणि घडणावळ वेगळी लिहून घे. मणी आणि खड्यांचं वजन सोन्याच्या भावाने धरलेलं नाही ना, तेही विचार.

अंबाजोगाईला आलीस की पार्लरमध्ये ये, दोन-चार सेट उलटे करून दाखवते. येताना तुझी साडी आण, काठाचा रंग बघूनच सांगता येईल की मोत्यांचं घ्यायचं का सोनेरी.