माफीच्या वाक्यातला ‘मी’

इंदूरमधल्या एका वाचनमंडळाची बैठक आहे, असे समजू. मूळ नागपूरच्या एक वहिनी खिडकीबाहेर पाहून म्हणतात, “पाऊस येऊन राहिला.” त्यावर त्यांच्याहून लहान असलेला एक सभासद कोटी करतो, “राहिला? कोणाकडे राहिला, वहिनी?” सगळे हसतात. वहिनीही हसतात, पण त्या दिवशी वाचायला आणलेला कागद पिशवीतच राहतो आणि पुढचे बोलणे त्या हिंदीत करतात.

आता माफी मागायची आहे. सहज तोंडी येणारी वाक्ये तपासून पाहू.

“गंमत केली हो, मनावर घेऊ नका.” यात चूक कबूल केलेली नाही. उलट मनावर न घेण्याचे काम वहिनींवरच सोपवले आहे.

“वाईट वाटलं असेल तर माफ करा.” वाईट वाटले हे समोर दिसत असताना ‘असेल तर’ म्हणणे म्हणजे त्याबद्दल शंका घेणे. शिवाय या वाक्यात वहिनींना काय वाटले एवढेच आहे. बोलणाऱ्याने काय केले ते नाही.

“चूक झाली.” येथे चूक आपोआप झाल्यासारखी वाटते. “माझ्याकडून चूक झाली” यात माणूस येतो, पण ‘कडून’मुळे ती नकळत घडल्याचा भास होतो. कोटी तर जाणून केलेली होती.

“माझं चुकलं” हे त्याहून सरळ आहे. तरी काय चुकले ते सांगितल्याशिवाय ते पुरे होत नाही. येथे वहिनींच्या बोलीवर हसे झाले. नागपूरकडे चालू क्रिया सांगण्याची ‘येऊन राहिला’ ही रीतच आहे. प्रमाण मराठीत तेथे ‘येतो आहे’ म्हणतात. म्हणून माफीत वहिनींच्या वाक्याचा मानही परत यायला हवा:

“वहिनी, मघाशी मी तुमच्या बोलण्याची सगळ्यांसमोर थट्टा केली. माझं चुकलं. तुमचं वाक्य बरोबरच होतं.”

हे आधी वहिनींना एकटे गाठून सांगावे. थट्टा चारचौघांत झाली होती, म्हणून पुढच्या बैठकीत चारचौघांतही सांगावे. मात्र त्यांना ते चालेल का, हे विचारून आणि थोडक्यात. लांबलेल्या माफीत त्याच कोटीची पुन्हा उजळणी होते. शेवटी ‘पण’ जोडू नये, आणि “माफ केलंत ना?” असेही विचारू नये. त्या प्रश्नाला भिडेपोटी ‘हो’ म्हणावेच लागते.

“अहो, काही नाही,” या उत्तरावरून माफी पोचली असे समजू नये. वहिनी मंडळात पुन्हा आपल्या मराठीत बोलू लागल्या, कागद पिशवीतून बाहेर आला, तर ती पोचली. तसे झाले नाही, तर माफीची वाक्ये वाढवण्यापेक्षा पुढच्या वेळी दुसऱ्या कुणी तशी कोटी केली की त्याला तिथेच थांबवावे.

अभ्यास: ‘तुमच्या भावना दुखावल्या गेल्या’ हे वाक्य ‘मी’ने सुरू करून पुन्हा लिहा. काय बदलले ते सांगा.